किल्लारी ६.२ आणि भूज ७.६ : आकडा लहान, मग हानी एवढी कशी?

उमरग्याची लेक

माझं माहेर उमरगा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांची होते. आदल्या दिवशीच्या विसर्जनाने दमून सगळे गाढ झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना आधी आवाज आला, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा, आणि मग खाट सरकली. आमचं घर वाचलं. सास्तूरला माझ्या मावशीचं वाचलं नाही, आणि मावशीही वाचली नाही.

आता माझी मुलगी नववीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिने किल्लारी ६.२ आणि भूज ७.६ असे दोन आकडे शेजारी लिहिले आणि विचारलं, "आई, फरक जेमतेम दीडचा. मग किल्लारीत एवढी माणसं गेली, तर भूजला त्याच्या किती पट जायला हवी होती?" तिने वाचलंय की एक पायरी म्हणजे दहापट. दुसरीकडे लिहिलंय तीसपट. बातम्यांत तर "किल्लारीची तीव्रता ६.२" असंही असतं आणि "तीव्रता आठ ते नऊ" असंही सापडतं. मला तिला पाठांतराचं उत्तर द्यायचं नाही. कोणी नीट समजावेल का?

कोथरूडकर

स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे घरांबद्दल खात्रीने बोलतो. त्या भागातल्या भिंती दोन-अडीच फूट जाड, बाहेरून एक दगडांचा पदर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नसायचे. वर माळवद, म्हणजे लाकडी तक्तपोशीवर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. जमीन आडवी हलली की भिंतीचे दोन पदर फुगून एकमेकांपासून सुटतात आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर येते. त्यामुळे हानीचा हिशोब फक्त भूकंपाच्या आकड्यावरून करताच येत नाही.

पट म्हणाल तर गणित सोपं आहे. एक पायरी वर गेलं की लाटेची उंची दहापट. ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे शंभरपट. तीसपट कुठून आलं मला माहीत नाही, छपाईची चूक असावी.

पामबीच

आमच्याकडे अकराव्या मजल्यावर मागे एकदा झुंबर चांगलं अर्धा मिनिट हललं. खालच्या दुकानदाराला काहीच कळलं नाही. नवी मुंबईत तेव्हा किती रिश्टर होता हे कुठे बघायला मिळेल?

वेधशाळेतला माणूस

ताई, मावशींचं वाचून वाईट वाटलं. मी भूकंप नोंदींच्या कामात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मुलीचा प्रश्न नेमका आहे, म्हणून सावकाश लिहितो.

आधी शब्दांचा गुंता. आपली वर्तमानपत्रं "६.२ रिश्टर तीव्रतेचा भूकंप" लिहितात आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. ६.२ ही तीव्रता नाहीच. ती महत्ता आहे, भूकंपाच्या उगमाची. एका भूकंपाला महत्ता एकच. तीव्रता ही जागेची असते. त्या गावात, त्या जमिनीवर हादरा किती जोराचा होता, ते माणसांना काय जाणवलं आणि घरांचं काय झालं यावरून ठरवतात. ती रोमन आकड्यांत एक ते बारा अशी लिहितात. किल्लारीत आठ ते नऊ, पुण्यात बरीच कमी, आणखी दूर नुसती चाहूल. भूकंप एक, महत्ता एक, तीव्रता गावागणिक वेगळी.

पामबीच, म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही. नवी मुंबईत "इतके रिश्टर" असं काही नसतं. तुमच्या मजल्यावर झुंबर हललं आणि खाली कळलं नाही, ही मात्र तीव्रतेची खरीखुरी नोंद आहे. तीव्रतेच्या पायऱ्यांत तिसरीच्या आसपास हेच वर्णन येतं, वरच्या मजल्यांवरच्या काहींना जाणवतं. झुंबर बराच वेळ हललं म्हणजे लाटा संथ होत्या, आणि संथ लाटा बहुधा दूरच्या मोठ्या भूकंपाच्या असतात. तारीख आठवत असेल तर त्या दिवशी गुजरातेत किंवा हिंदुकुशात काही झालं होतं का ते बघा.

शंभर की तीस, ते रात्री लिहितो. कोथरूडकर, तुमचं माळवदाचं वर्णन अगदी बरोबर आहे, पण तीसपट ही छपाईची चूक नाही.

सेंदाईहून

मी गेली नऊ वर्षं जपानमध्ये आहे. इथे हा गोंधळ होत नाही, कारण भूकंप झाला की टीव्हीवर पहिल्यांदा महत्ता येतच नाही. आधी शिंदो येतो, म्हणजे गावागणिक तीव्रता. शून्यापासून सातपर्यंत, आणि पाच व सहाचे प्रत्येकी दोन भाग, कमी आणि जास्त. "अमुक शहर, शिंदो चार" असं दिसलं की तिथल्या माणसाला कळतं आपल्याकडे काय झालं. महत्ता आणि खोली त्यानंतर येतात. इथे शिंदो माणसांना विचारून नाही, ठिकठिकाणी बसवलेल्या यंत्रांवरून काढतात. म्हणून दोन मिनिटांत नकाशा तयार असतो.

कोथरूडकर

वेधशाळेतले सर, वाट बघतोय. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे तर बारावीचं भौतिकशास्त्र आहे.

वेधशाळेतला माणूस

हो, आणि ते तुम्ही बरोबर शिकलात. पण त्या नियमात एक अट आहे, लाटेची वारंवारता तीच राहिली पाहिजे. म्हणजे जमीन जितक्या वेळात एकदा पुढेमागे होते, तो वेळ बदलता कामा नये. मोठ्या भूकंपात नेमका तोच बदलतो.

उगमापाशी काय होतं ते बघू. खडकात एक भ्रंश असतो, आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. ढोबळमानाने ६ महत्तेच्या भूकंपात सुमारे १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद एवढा तुकडा ४० सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. ७ महत्तेला लांबी सुमारे ३२ किलोमीटर, रुंदीही तेवढीच, आणि सरकणं १.३ मीटर. म्हणजे लांबी, रुंदी आणि सरकणं, तिन्ही साधारण ३.१६ पट. तिघांचा गुणाकार करा, ३१.६ येतो. दोन पायऱ्या चढलात तर तिन्ही दहापट, गुणाकार हजार. म्हणून एका पायरीचा आकडा सरळ तीस नसून हजाराचं वर्गमूळ आहे.

आता तुमच्या लाटेकडे येतो. भ्रंश एकदम सगळा फुटत नाही. फाटणारा कापडाचा तुकडा जसा एका टोकाकडून उसवत जातो, तसा तो सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर या वेगाने फाटत जातो. लांबी ३.१६ पट, म्हणजे फाटायला वेळही ३.१६ पट. दूरच्या यंत्रावर जमीन जागेवरून दहापट जास्त सरकलेली दिसते, ते तुमचं दहापट. पण ती तेवढं सरकायला ३.१६ पट वेळ घेते, म्हणून जमिनीचा हलण्याचा वेग दहापट न होता फक्त ३.१६ पट होतो. ऊर्जा या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दहापट. आणि हलणं टिकतं ३.१६ पट जास्त वेळ. दहा गुणिले ३.१६. पुन्हा ३१.६.

तुम्ही उंचीचा वर्ग केलात. करायचा होता वेगाचा.

कोथरूडकर

हे कागदावर करून पाहिलं, बसतंय. माझं शंभर मागे घेतो. पण मग लांबी, रुंदी, सरकणं नेहमी सारख्याच पटीने का वाढावं? निसर्गाने तसा करार केलाय का?

वेधशाळेतला माणूस

करार नाही, पण कारण आहे. भ्रंश फुटल्यावर खडकातला ताण जेवढा उतरतो, तो लहान भूकंपात आणि मोठ्या भूकंपात साधारण एकाच पातळीतला आढळतो. ताण तेवढाच उतरायचा तर जितका तुकडा लांब, तितकं सरकणं जास्त लागतं. रबर जितकं लांब, तितकं तेवढ्याच ताणाला जास्त सैल होतं, तसं.

"साधारण" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. एकेका भूकंपाची ऊर्जा थेट मोजली तर ती नियमातल्या ऊर्जेपेक्षा दुप्पट-तिप्पट वरखाली सहज निघते, कधी त्याहूनही जास्त. शिवाय रुंदीला मर्यादा आहे. खाली खडक तापून मऊ होतो आणि तिथे तो फुटत नाही, संथ वाहतो. त्यामुळे उभ्या भ्रंशावरचा फार मोठा भूकंप रुंदीत वाढू शकत नाही, नुसता लांब होत जातो. तिथे माझा ३.१६ चा तिहेरी गुणाकार तसाच्या तसा चालत नाही.

उमरग्याची लेक

सर, मुलीने हे वाचून लगेच कॅल्क्युलेटर घेतला. फरक १.४, म्हणून दहाचा २.१ वा घात, उत्तर १२६ पट. पण तिला एका ठिकाणी भूजचा आकडा ७.७ मिळाला. तो घेतला तर १७८ पट येतं. ती म्हणते, ०.१ च्या चुकीने एवढा फरक कसा?

आणि माझा मूळ प्रश्न उरतोच. सव्वाशेपट मोठा भूकंप, तरी किल्लारीतली घरं भूजपेक्षा कमी पडली असं मला तरी वाटत नाही. तिथे काही उरलंच नव्हतं.

वेधशाळेतला माणूस

मुलीचे दोन्ही हिशोब बरोबर आहेत. ०.१ म्हणजे ऊर्जेत १.४१ पट, आणि ०.१ ची तफावत दोन संस्थांच्या आकड्यांत नेहमीच असते. किल्लारीलाच तुम्हाला ६.२, ६.३, ६.४ असे तिन्ही आकडे सापडतील. प्रत्येक पद्धत वेगळ्या लाटा मोजते. खुद्द रिश्टरची पद्धत कॅलिफोर्नियातल्या जवळच्या भूकंपांसाठी आणि एका ठरावीक यंत्रासाठी होती, १९३५ ची. मोठ्या भूकंपांना आता ती लावत नाहीत, भ्रंशाचं क्षेत्रफळ आणि सरकणं यांच्यावर आधारलेली महत्ता लावतात. वर्तमानपत्रांत रिश्टरचं नाव तेवढं राहिलं आहे.

मूळ प्रश्नाचं उत्तर वरच्याच हिशोबात आहे. पायरी वाढली की ऊर्जा ३१.६ पट होते, पण ती सगळी एका गावावर येत नाही. फुटलेलं क्षेत्रफळ दहापट होतं, वेळ तिप्पट होतो. भ्रंशाला चिकटून असलेल्या गावाला धक्का थोडाच वाढून बसतो, खूप वाढतं ते धक्का बसलेल्या गावांचं क्षेत्र. उथळ ६.२ च्या अगदी डोक्यावर उभं असाल तर तो ७.६ च्या जवळ उभं राहण्याइतकाच वाईट ठरू शकतो. किल्लारीचा भ्रंश अतिशय उथळ होता, गावाजवळ जमिनीवर त्याचा उंचवटाही दिसला. त्यावर वसलेल्या दगडमातीच्या घरांना सव्वाशेपटीची गरजच नव्हती. फरक दिसतो तो अंतरावर. भूजच्या वेळी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. किल्लारीपासून तेवढ्याच अंतरावरच्या पुण्यात लोक जागे झाले, पण इमारती उभ्या राहिल्या.

डहाणूचा चिकू

हे वाचून मोठं कोडं सुटलं. आमच्या भागात नोव्हेंबर २०१८ पासून हादरे सुरू झाले, धुंदलवाडीच्या बाजूला. मोठ्यातला मोठा चारच्या जरा वर. बातम्या सांगतात "सौम्य धक्का", आणि आमच्या भिंतीला तडा. बाहेरचे लोक म्हणायचे ३.५ ला काही होत नाही. आवाज आधी यायचा, तोफेसारखा, आणि मग एकच दणका. लोक थंडीत बाहेर तंबूत झोपले.

आता माझी शंका. प्रत्येक वेळी बातमीत "खोली ५ किलोमीटर" किंवा "१० किलोमीटर" असते. दर वेळी नेमका तोच आकडा कसा?

सेंदाईहून

चिकू, इथे मी ऐकलं होतं की घाईत काढलेला आकडा नंतर बदलतो. ११ मार्च २०११ ला पहिला अंदाज ७.९ होता, आणि शेवटी तो ९.० वर गेला. खोलीचंही तसंच असेल.

वेधशाळेतला माणूस

७.९ चं कारण वेगळं होतं. घाईच्या पद्धती ज्या लाटा मोजतात, त्या फार मोठ्या भूकंपात वाढायच्या थांबतात, भ्रंश पुढे फाटत राहिला तरी. खोलीचा प्रश्न केंद्र कसं शोधतात त्याच्याशी जोडलेला आहे, तेव्हा किल्लारीच घेऊ. खालची अंतरं मी नकाशावरून काढली आहेत आणि वेळा त्यांच्यावरून मोजल्या आहेत, त्या रात्रीच्या नोंदी नाहीत.

भूकंपातून दोन लाटा निघतात. पहिली दाबाची, खडकात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. दुसरी आडवी हलवणारी, साडेतीन किलोमीटर. ताई, तुम्हाला खाट सरकण्याआधी जो आवाज आला तो बहुधा या पहिल्या लाटेचाच. जितके दूर जाल, तितकं दोघींमधलं अंतर वाढतं. यंत्रावर दोघींच्या येण्यातले सेकंद मोजायचे आणि ८.४ ने गुणायचे, की किलोमीटर मिळतात. पुण्याला साधारण साडेचौतीस सेकंद मिळाले तर २९० किलोमीटर. हैदराबादला साडेसव्वीस सेकंद, म्हणजे २२३ किलोमीटर. पण दिशा कळत नाही, म्हणून पुण्याभोवती २९० चं वर्तुळ, हैदराबादभोवती २२३ चं. मुलीला हे कंपासने करायला सांगा.

उमरग्याची लेक

केलं. दोन वर्तुळं फक्त एकमेकांना टेकतात, किल्लारीच्या जवळच. मग तिसरं नोंदकेंद्र कशाला लागतं? पुस्तकात तीन म्हटलंय.

वेधशाळेतला माणूस

किल्लारी पुणे-हैदराबाद रेषेवरच जवळपास बसते, म्हणून ती टेकली. आणि इथेच मी नव्या मुलांना थांबवायचो. आता समजा, दुसऱ्या लाटेची सुरुवात वाचण्यात एका सेकंदाची चूक झाली. ती नेहमी होते, कारण दुसरी लाट पहिलीच्या शेपटात बुडालेली असते. एक सेकंद म्हणजे ८ किलोमीटर. वर्तुळ ८ किलोमीटरने मोठं करून पुन्हा काढा.

उमरग्याची लेक

बापरे. आता ती दोन ठिकाणी छेदतात, एक वर, एक खाली. पट्टीने मोजलं, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे ४५ किलोमीटर. ८ किलोमीटरच्या चुकीचे ४५ झाले. आम्ही तिसरं म्हणून मुंबईचं वर्तुळ काढलं, ४०६ किलोमीटरचं, पण त्यानेही वर की खाली ते ठरेना. ते पुण्याच्या वर्तुळाला जवळजवळ चिकटूनच जातंय.

वेधशाळेतला माणूस

शाबास, हेच दाखवायचं होतं. मुंबई, पुणे, हैदराबाद जवळपास एका ओळीत आहेत. अशी तीन नोंदकेंद्रं पूर्व-पश्चिम छान सांगतात आणि उत्तर-दक्षिण सांगताना चाचपडतात. आता नागपूरभोवती ४३० किलोमीटरचं काढा. ते वरून येऊन आडवं कापेल आणि गावाजवळ आणून सोडेल. नोंदकेंद्रं किती आहेत यापेक्षा ती भूकंपाच्या चहूबाजूंना आहेत का, हे मी आधी बघायचो.

प्रत्यक्षात कंपास कोणी वापरत नाही. एक जागा, एक खोली आणि एक वेळ गृहीत धरतात, तिथून प्रत्येक नोंदकेंद्रावर लाट कधी पोचायला हवी ते काढतात, खऱ्या वेळेशी ताडून बघतात आणि चुका सगळ्यात कमी होईपर्यंत जागा सरकवत राहतात. ही रीत शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे, आता संगणक करतो. ८.४ चा गुणाकारही जवळच्या अंतरालाच खरा. पुण्याच्या अंतरावर पहिली लाट कवचाखालून, जास्त वेगाच्या खडकातून वळसा घालून आधी पोचते, म्हणून तिथे वेळांची कोष्टकं लागतात.

चिकू, आता खोली. २९० किलोमीटरवरून पाहिलं तर भूकंप ५ किलोमीटर खोल आहे की १५, याने तिरकं अंतर अर्धा किलोमीटरही बदलत नाही. ते सेकंदाच्या चुकीत बुडून जातं. खोली नीट कळायला यंत्र भूकंपाच्या जवळजवळ डोक्यावर लागतं. ते नसेल तर संगणक अडखळतो, म्हणून खोली १० किंवा ५ अशी बांधून टाकतात आणि बाकीचं सोडवतात. बातमीतला गोल आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, धरलेला असतो.

डहाणूचा चिकू

म्हणजे आमच्याकडे नंतर जी यंत्रं आणून बसवली, ती यासाठी. पण मग बातमीत केंद्र "डहाणूपासून अमुक किलोमीटर" म्हणतात, त्यावर किती विश्वास ठेवायचा? एकदा आमच्याच गावात सगळ्यात जास्त दणका बसला आणि केंद्र दाखवलं पलीकडच्या डोंगराजवळ.

कोथरूडकर

केंद्रापाशीच सगळ्यात जास्त हादरा बसणार ना? मग केंद्र चुकलं असेल.

वेधशाळेतला माणूस

चुकलेलं असू शकतं. पण बरोबर असूनही तसं होऊ शकतं. केंद्र म्हणजे फाटायला सुरुवात झाली त्या जागेच्या वरचा बिंदू. सगळ्यात जास्त सरकणं दुसऱ्या टोकाला असू शकतं, आणि खालची माती मऊ असेल तर हादरा तिथे वाढतो. २००१ चं केंद्रही भूज शहरात नव्हतं, पूर्वेला भचाऊच्या बाजूला होतं. नाव मात्र भूजचं पडलं. तुमच्या गावाचं नेमकं काय झालं, ते मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या घराखाली गाळाची जमीन आहे की मुरूम?

डहाणूचा चिकू

आमच्याकडे मुरूम. ओढ्याच्या पलीकडच्या पाड्यात गाळ आहे, आणि खरं तर तडे तिकडे कमी गेले. उद्या दोन्हीकडची घरं एकदा मोजून बघतो, कुठली कुडाची आहेत आणि कुठली विटांची, मग लिहितो.

उमरग्याची लेक

नागपूरचं वर्तुळ काढलं. तिन्ही रेषा एका ठिकाणी नाही आल्या, मध्ये एक छोटा त्रिकोण राहिला. किल्लारी त्याच्या आत आहे, सास्तूर काठावर. मुलीने तो त्रिकोण तसाच ठेवलाय, खोडला नाही.